जोडाखाली खोकला येत नाही: फुफ्फुस प्रत्यारोपणानंतरच्या पाचव्या महिन्यातलं एक प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय आणि काही तपशील बदलले आहेत. मी या पथकात श्वसन-फिजिओथेरपिस्ट होतो, त्यामुळे लिहिण्याचा कल त्या बाजूला आहे.)

## पार्श्वभूमी

रुग्ण पन्नाशीतले गृहस्थ. फुफ्फुसं घट्ट होत जाण्याच्या आजारामुळे, म्हणजे पल्मनरी फायब्रोसिसमुळे, त्यांची दोन्ही फुफ्फुसं बदलली होती. प्रत्यारोपणाआधीची दोन वर्षं त्यांना कोरड्या खोकल्याने हैराण केलं होतं. बोलताना, हसताना, कूस बदलताना ढास लागायची. शस्त्रक्रियेनंतर ती ढास थांबली आणि त्यांच्या दृष्टीने हाच प्रत्यारोपणाचा पहिला फायदा होता. "खोकला गेला म्हणजे रोग गेला," असं ते भेटेल त्याला सांगायचे. पुढे जे झालं त्याचं मूळ बऱ्याच अंशी या वाक्यात आहे.

दोन्ही फुफ्फुसं बदलताना सर्जन प्रत्येक बाजूला तीनच जोड घालतात. मुख्य श्वसननलिकेचा एक, फुफ्फुसाच्या रोहिणीचा एक, आणि फुफ्फुसातून रक्त परत आणणाऱ्या नीला ज्यात उघडतात त्या हृदयाच्या डाव्या अलिंदाच्या पट्टीचा एक. बाकी जे काही फुफ्फुसाच्या मुळाशी कापलं जातं ते तसंच राहतं. यात श्वसननलिकेच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक ब्राँकियल रोहिण्या येतात, लसीकावाहिन्या येतात आणि मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस नर्व्हच्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या शाखाही येतात. या शाखा म्हणजे एखादी दोरी नसते, की दोन टोकं धरून शिवली. नलिकेभोवती पसरलेलं ते तंतूंचं जाळं असतं. ते शिवण्याची सोय नाही, आणि दात्याचं फुफ्फुस रक्ताविना ठेवता येतं तो वेळही मोजकाच असतो.

पहिल्या आठवड्यात याचा एक परिणाम दिसला होता. लसीकावाहिन्या तुटल्यामुळे नव्या फुफ्फुसात झिरपलेलं पाणी बाहेर न्यायला वाट नसते, म्हणून सुरुवातीचे दिवस सलाईन हात आखडून दिलं जातं. या रुग्णाला तिसऱ्या दिवशी थोडं जास्त पाणी गेलं आणि एक्स-रे लगेच पांढुरका झाला. लघवीचं औषध दिल्यावर तो निवळला. या वाहिन्या काही आठवड्यांत आपापली वाट पुन्हा काढतात, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला. नर्व्हचं तसं नसतं.

चौथ्या आठवड्यात ते घरी गेले. सोबत एक छोटा स्पायरोमीटर दिला होता. रोज सकाळी फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, म्हणजे एफईव्ही-वन, ते वहीत लिहायचं. तिसऱ्या महिन्यापर्यंत आकडा चढत 2.80 लिटरवर स्थिरावला. त्या महिन्याची ठरलेली दुर्बिणीची तपासणी स्वच्छ निघाली.

## अडचण

पाचव्या महिन्यात वहीतले आकडे असे होते: 2.78, 2.74, 2.66, 2.52, 2.48, 2.46. सहाव्या दिवशी त्यांनी फोन केला, तोही औषधाची चिठ्ठी संपत आली होती म्हणून. बोलता बोलता आकडा सांगितला.

आमचा नियम साधा होता: आकडा नेहमीपेक्षा दहा टक्क्यांनी घसरला आणि दोन दिवस तसाच राहिला, तर कळवायचं. 2.80 च्या हिशोबाने ती रेषा 2.52 वर होती. म्हणजे फोन निदान एक दिवस आधी यायला हवा होता. का नाही केला, असं विचारल्यावर उत्तर आलं, "अहो, ताप नाही, खोकला नाही, धाप नाही. मशीनची पाइप ओली झाली असेल असं वाटलं."

ते तपासणीला आले तेव्हा चेहऱ्यावर आजारपण नव्हतं. ऑक्सिजन बसल्या जागी 95. सहा मिनिटं चालवल्यावर 91 वर आला, पण तरी ते गप्पा मारत चालत होते. छातीला कान लावला तर उजवीकडे खाली श्वासाचा आवाज मंद होता. एक्स-रेमध्ये उजव्या तळाशी किंचित धूसरपणा, इतका किंचित की आधीची फिल्म शेजारी लावल्याशिवाय पटत नव्हता.

मी त्यांना खोकायला सांगितलं. ते दणदणीत खोकले, पण बाहेर काहीच आलं नाही. मग विचारलं, "आत काही अडकल्यासारखं वाटतं का?" ते म्हणाले, "काहीच नाही."

## खोकला कुठून येतो, कुठे थांबतो

पुढचे निर्णय समजायला हे आधी पाहावं लागतं. आपोआप येणाऱ्या खोकल्याची सुरुवात नलिकेच्या अस्तरातल्या बारीक संवेदी टोकांपासून होते. कफ, पाणी, आम्ल, धूळ यांपैकी काही लागलं की ही टोकं व्हेगसमार्गे मेंदूच्या देठाला खबर देतात. तिथून हुकूम सुटतो: खोल श्वास, स्वरयंत्र बंद, पोटाचे स्नायू आवळून दाब, आणि मग स्वरयंत्र एकदम उघडणं. या रुग्णाची हुकुमाची बाजू शाबूत होती. स्वरयंत्र त्यांचंच होतं, श्वासपटलाची फ्रेनिक नर्व्ह शाबूत होती, पोटाचे स्नायू त्यांचेच होते. तुटली होती ती खबर देणारी बाजू, आणि तीही फक्त जोडाच्या खाली.

त्यामुळे खोक म्हटलं की जोरात खोकता येतं, पण खोकावंसं वाटत नाही. घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका आणि तिचे दोन फाटे पडतात ती जागा, म्हणजे करिना, हे सगळं रुग्णाचं स्वतःचं असतं आणि पूर्वीइतकंच हळवं असतं. पाणी पिताना ठसका लागतो तो या भागामुळे. हेच पुष्कळांना फसवतं. ठसका लागतो म्हणजे खोकला शाबूत आहे असा समज होतो. पण एकदा काही जोड ओलांडून खाली गेलं, की ते तिथे आहे हे सांगणारं कुणी नसतं.

कफ वर आणणारी दुसरी व्यवस्था म्हणजे अस्तरावरचे सूक्ष्म केस. ते आपल्या लयीत हलतच राहतात, त्यांना नर्व्हची गरज लागत नाही. तरी प्रत्यारोपित फुफ्फुसात कफ वर सरकण्याचा वेग कमी झालेला दिसतो. अस्तराला मधल्या काळात रक्ताची तूट झालेली असते, कफाचा पोत बदललेला असतो, आणि जोडाच्या कड्यावर व्रणाची पट्टी असते जिथे कफ रेंगाळतो. मंद सरकणारा कफ आणि न येणारा खोकला, दोन्ही एकाच बाजूला.

आता धाप का नव्हती? खालच्या खंडाची नळी बुजली तर तिथली हवा थांबते, ऑक्सिजन कमी होतो, आणि त्या खंडातल्या रक्तवाहिन्या आपणहून आकसतात. रक्त चालू भागाकडे वळतं. हे आकसणं वाहिनीच्या स्नायूचं स्वतःचं काम आहे, नर्व्ह तुटली तरी चालू राहतं. म्हणून बसल्या जागी ऑक्सिजन टिकून होता. शिवाय फुफ्फुस किती ताणलं गेलं हे सांगणारी टोकंही तुटलेली असतात. बसल्या जागी याने फारसा फरक पडत नाही, कारण श्वासाची लय मेंदूच्या देठातून आणि रक्तातल्या वायूंवरून ठरते. श्रमात मात्र असे रुग्ण थोडे सावकाश आणि खोल श्वास घेताना दिसतात. धाप लागण्याची जाणीव जात नाही. छातीच्या स्नायूंना जास्त कष्ट पडले की ती होते. पण एका खंडाच्या नळीत गोळा बसल्याने बाकीच्या छातीला कष्ट पडत नव्हते, तोवर ती जाणीव होणार कशी?

## समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: दोन-तीन दिवस थांबून पुन्हा फुंकायला लावणं. स्पायरोमेट्री ही फुंकणाऱ्याच्या जोरावर अवलंबून असते, एखादा आकडा चुकू शकतो. पण सहा दिवस एकाच दिशेने घसरलेला आकडा चुकीचा नसतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या मशीनवरही 2.45 आला. हा पर्याय लवकर गळाला.

दुसरा: हे रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं फुफ्फुस नाकारणं, असं धरून लगेच तीन दिवस शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस. याला पथकातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचा पाठिंबा होता आणि तो अनाठायी नव्हता. पहिल्या वर्षात एफईव्ही-वन घसरण्यामागे तीव्र रिजेक्शन हे नेहमीचं कारण आहे, त्यातही ताप-खोकला नसू शकतो, आणि उशीर महाग पडतो. विरोधात मुद्दा एकच होता, तो मंद श्वासाचा आवाज. रिजेक्शन सहसा दोन्ही फुफ्फुसांवर पसरतं. इथे खूण एका बाजूला, एका तळाशी होती. तिथे जंतुसंसर्ग असता तर स्टिरॉइडने आगीत तेल ओतल्यासारखं झालं असतं.

तिसरा: कफ आणि संसर्ग धरून प्रतिजैविक सुरू करणं आणि माझ्याकडे पाठवणं. मला हा पर्याय आवडायला हवा होता. पण कुठल्या जंतूसाठी कुठलं औषध, हे ठरवायला थुंकीचा नमुना लागतो, आणि थुंकी येतच नव्हती. ज्या रुग्णाला खोकून कफ येत नाही, त्याच्या "कफ नाही" या उत्तरावरून काहीच ठरत नाही.

चौथा: दुर्बीण घालून पाहणं, धुवून नमुना घेणं आणि त्याच बैठकीत फुफ्फुसाचे बारीक तुकडे काढणं. धोके म्हणजे रक्तस्राव आणि क्वचित छातीत हवा साठणं. पण रिजेक्शन आणि संसर्ग यांचं उत्तर एकदम मिळणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच करायचं ठरलं, आणि तोवर स्टिरॉइड नाही.

## दुर्बिणीत काय दिसलं

मी त्या वेळी खोलीत होतो. गुंगीचं औषध हलकं दिलं होतं. दुर्बीण स्वरयंत्रातून खाली गेली तेव्हा सुन्न करणारं औषध फवारूनही ते खोकले. करिनापाशी टोक हलकेच लागलं तर इतके खोकले की डॉक्टरांना थांबून पुन्हा फवारा मारावा लागला. मग टोक उजव्या मुख्य नलिकेत वळलं. पडद्यावर जोडाचं कडं दिसलं, निळ्या टाक्यांचे ठिपके आणि फिकट व्रण. कडं रुंद होतं, अरुंद झालेलं नव्हतं. हे पाहणं गरजेचं होतं, कारण ब्राँकियल रोहिण्या न जोडल्यामुळे दात्याच्या नलिकेचं टोक सुरुवातीचे काही आठवडे फुफ्फुसाच्या रक्तातून उलट्या वाटेने येणाऱ्या तुटपुंज्या पुरवठ्यावर जगतं, आणि त्या जागी नंतर आकुंचन येऊ शकतं. म्हणूनच सर्जन दात्याची नलिका जमेल तितकी आखूड ठेवतात.

दुर्बीण कड्यापलीकडे गेली आणि खोलीतला खोकल्याचा आवाज थांबला. डॉक्टरांनी मुद्दाम भिंतीला टोक लावलं, पुन्हा लावलं. रुग्ण शांत. खाली, उजव्या खालच्या खंडाच्या तोंडाशी, हिरवट पिवळा घट्ट गोळा बसला होता, नळीच्या आकाराचा. मीठपाणी सोडून, ओढून, पुन्हा सोडून तो निघाला. त्याच्यामागून पातळ पू आला. हे सगळं ज्यांच्या छातीत चाललं होतं त्यांचा श्वास एका लयीत चालू होता.

नमुन्यात स्यूडोमोनास हा जंतू वाढला. बुरशी आणि सायटोमेगॅलो विषाणूच्या तपासण्या नकारात्मक आल्या. तुकड्यांमध्ये तीव्र रिजेक्शन नव्हतं.

## काय केलं

शिरेतून सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक चौदा दिवस दिलं. अमायनोग्लायकोसाइड गटातलं प्रतिजैविक टाळलं, कारण रिजेक्शन रोखण्यासाठी रोज घ्यावा लागणारा टॅक्रोलिमस मूत्रपिंडांवर आधीच ताण देतो आणि दोन्ही एकत्र नकोत.

कफाचं काम माझ्याकडे आलं. इथे शिकवण्याची दिशा बदलावी लागली. एरवी आपण रुग्णाला सांगतो, कफ वाटला की काढा. यांना ते सांगून उपयोग नव्हता, म्हणून घड्याळावर बांधलं: सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं, काही वाटो न वाटो. आधी शांत श्वास, मग तीन-चार खोल श्वास आणि प्रत्येक श्वास तीन सेकंद रोखणं, मग हफ. हफ म्हणजे तोंड आणि घसा उघडा ठेवून, आरशावर वाफ सोडतो तशी हवा जोराने सोडणं. आधी अर्ध्या श्वासापासून लांबवर सोडलेला हफ, म्हणजे आतल्या बारीक नळ्यांतला कफ हलतो. मग पूर्ण श्वास घेऊन आखूड, जोरदार हफ, म्हणजे मोठ्या नळीतला वर येतो. कफ जोड ओलांडून करिनापाशी आला की पुढचं शरीर स्वतः करतं, ठसका लागतोच. त्यांना मी एवढंच ध्येय दिलं: कड्याच्या वर आणा. तिसऱ्या दिवशी हफ करता करता त्यांना अचानक ढास लागली आणि बेडका पडला. ते घाबरले, मी खूश झालो.

उजवा खालचा खंड वर येईल असं डाव्या कुशीवर झोपवून हे करत होतो. डोकं खाली करण्याची जुनी पद्धत वापरली नाही. कारण पुढच्या परिच्छेदात येतं. मीठपाण्याची वाफ देण्याआधी नळ्या सैल करणारं साल्ब्युटामॉल देत होतो, कारण नर्व्ह तुटलेल्या नळ्यांचे स्नायू कधी कधी जास्त चिडखोर असतात आणि चटकन आवळतात.

खरा प्रश्न मात्र मागे होता. स्यूडोमोनास तिथे कसा जमला, आणि त्याच तळाशी का? व्हेगसचा फुफ्फुसाला जाणारा भाग आणि पोटाला जाणारा भाग छातीत शेजारी चालतात. शस्त्रक्रियेत अन्ननलिकेजवळच्या तंतूंनाही इजा होऊ शकते, आणि मग जठर सावकाश रिकामं होतं. रुग्णाच्या पत्नी बोलता बोलता म्हणाल्या, "थोडं खाल्लं तरी पोट भरतं म्हणतात, रात्री आंबट ढेकर येतात." ही तक्रार आधी कुणी विचारली नव्हती. अन्न जठरात किती वेळ राहतं याचा स्कॅन केला तर चार तासांनंतर 38 टक्के शिल्लक होतं. दहा टक्क्यांच्या वर उशीर धरतात. चोवीस तासांच्या तपासणीत आडवं पडल्यावर आम्ल वर येताना दिसलं. गिळण्याची तपासणी ठीक होती. चित्र असं जुळलं: रात्री थोडं थोडं जठरातलं वर येत होतं, झोपेत स्वरयंत्राचा पहारा सैल पडत होता, आणि एकदा थेंब जोडाखाली गेला की उठवणारा खोकला नव्हता.

जठर हलवणारं औषध निवडताना एरिथ्रोमायसिन सुचलं आणि लगेच सोडलं. त्याने टॅक्रोलिमसची पातळी चढते. त्याऐवजी अॅझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीन वेळा, आधी इसीजी पाहून. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, तेही थोडकं. कफ काढण्याची वेळ जेवणाआधी.

## निष्पत्ती

सहा आठवड्यांत एफईव्ही-वन 2.72 वर आला. 2.80 परत मिळाला नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा जठर बरं रिकामं होत होतं, पण आम्ल वर येणं चालूच होतं. तेव्हा जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया, फंडोप्लिकेशन, करायचं ठरलं. यावर एकमत नव्हतं. सर्जनना जठर अजून सुधारेपर्यंत थांबायचं होतं. छातीच्या डॉक्टरांचं म्हणणं, वारंवार आत जाणारं आम्ल हे जुनाट रिजेक्शनच्या दिशेने ढकलतं, आणि तसं गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. शेवटी नवव्या महिन्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. वर्षाअखेरीस आकडा 2.74 होता आणि मधल्या काळात दुसरा संसर्ग झाला नव्हता.

## वेगळं काय करता आलं असतं

घरी पाठवतानाच्या कागदावर पहिली ओळ होती: "ताप, खोकला किंवा धाप वाढल्यास ताबडतोब कळवा." बाकी कुठल्याही फुफ्फुसरुग्णासाठी ती बरोबर आहे. इथे तिने रुग्णाला चुकीच्या गोष्टीची वाट पाहायला लावलं. आकड्याचा नियम त्याच कागदावर सातव्या ओळीत होता. आता तो पहिल्या ओळीत आहे आणि त्याखाली कारण लिहिलं आहे: जोडाच्या खाली खोकला येत नाही, म्हणून आकडा हाच खोकला समजा. शिवाय वहीवर रुग्णाच्या स्वतःच्या दहा टक्क्यांचा आकडा लाल शाईने लिहून देतो. टक्केवारी घरी कुणी काढत बसत नाही.

दुसरं, कफ काढण्याचा पाठ त्यांना रुग्णालयात दिला होता, पण चौथ्या आठवड्यानंतर कुणी विचारलं नाही आणि त्यांनी तो सोडला. कफ वाटत नसताना रोज वीस मिनिटं घालवायला माणूस तयार होत नाही. त्यासाठी कारण आधी समजावं लागतं, आणि माझ्या अनुभवात दुर्बिणीचं चित्रीकरण दाखवण्याइतकं दुसरं काही पटवत नाही.

तिसरं, पोटाची विचारपूस. रात्रीचे आंबट ढेकर आणि लवकर पोट भरणं हे प्रश्न पहिल्या महिन्यापासून दर भेटीत विचारले असते, तर तिसऱ्या महिन्याच्या स्वच्छ तपासणीनंतरही आम्ही निर्धास्त झालो नसतो.

बाराव्या महिन्याच्या दुर्बिणीत डॉक्टरांनी पुन्हा जोडाखाली टोक लावून पाहिलं. डावीकडे रुग्ण एकदा पुसट खोकले, उजवीकडे काही नाही. काही रुग्णांत सहा ते बारा महिन्यांत ही संवेदना थोडीफार परतल्याच्या नोंदी आहेत, काहींत ती वर्षांनंतरही आढळत नाही. रुग्णाने लगेच विचारलं, "मग आता वीस मिनिटांचं सोडू का?" डावीकडचा तो एक खोकला खरा आहे की टोक योगायोगाने जोडाच्या वरच्या कडेला लागलं, हे कुणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. दोन्ही वेळा चालू ठेवायला सांगितलं.